सिंकचा मिक्सर पुन्हा पुन्हा डुगडुगतो: नट आवळूनही का टिकत नाही आणि बुडाचा सील कसा बदलायचा

सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच लिव्हरने गरम-गार पाणी सोडणारा नळ, बुडातून हलायला लागला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. प्लंबर येतो, सिंकखाली आडवा होतो, नट आवळतो आणि जातो. महिना-दोन महिने नळ घट्ट राहतो. मग लिव्हर उचलताना पुन्हा तेच, नळ मागे-पुढे डुलतो आणि बुडाभोवती काळसर पाणी साचतं. पुन्हा प्लंबर, पुन्हा नट. काही घरांत हा प्रकार वर्षानुवर्षं चालतो आणि शेवटी कंटाळून चांगला नळ फेकून नवा बसवला जातो. मी सोसायट्यांची नळदुरुस्तीची कामं करतो. असे फेकायला काढलेले नळ उघडले की बहुतेक वेळा नळाचा काही दोष नसतो. त्याच्या बुडाखालचं रबर संपलेलं असतं, एवढंच.

म्हणून इथे फक्त नट कसा आवळायचा ते सांगत नाही. आवळलेला नट टिकत का नाही, हे आधी नीट पाहू. ते कळलं की बाकीचं काम घरी करण्यासारखं आहे.

आधी नक्की काय हलतंय ते बघा

नळ हलतो असं आपण म्हणतो, पण हलणाऱ्या जागा तीन असू शकतात. नुसती लिव्हर खुळखुळत असेल तर तिच्या मागच्या किंवा बाजूच्या छोट्या टोपीखालचा बिनडोक्याचा स्क्रू सैल झालेला असतो. तो ॲलन कीने आवळला की काम झालं. फक्त लांब तोटी डावी-उजवीकडे जास्त सैल फिरत असेल, तर तोटीच्या गळ्यातल्या रिंगा झिजल्या आहेत. ते वेगळं दुखणं आहे. आपला विषय तिसरा: सगळा नळ बुडासकट हलतो.

ओळखायची रीत सोपी आहे. एका हाताचं बोट नळाचं बूड आणि सिंक यांच्या सांध्यावर असं ठेवा की अर्धं बोट नळावर आणि अर्धं सिंकवर येईल. दुसऱ्या हाताने तोटी हळूच मागे-पुढे करा. सांध्यात हालचाल असेल तर बोटाला लगेच कळते, डोळ्यांना कळण्याच्या आधी. पाणी पाझरत असेल तर त्याचीही परीक्षा याच वेळी घ्या. नळ पूर्ण बंद ठेवा, बुडाभोवती कोरडं पुसून घ्या, मग भांड्याने थोडं पाणी बुडाभोवती ओता आणि कोणाला तरी खालून बॅटरी मारून बघायला सांगा. पाणी ओतल्यावरच भोकातून थेंब खाली यायला लागले, तर बुडाचा सील गेला हे नक्की. थेंब पडत असतील पण ओतलेलं पाणी खाली येत नसेल, तर गळती नळाच्या आतली किंवा खालच्या कनेक्शन पाइपची आहे. बुडाचा सील बदलून ती थांबणार नाही.

नट जागेवर असतो, तरी नळ सैल होतो

नळाखालची मांडणी अशी असते. सगळ्यात वर नळाचं बूड. बुडाच्या खालच्या बाजूला गोल खाच आणि त्या खाचेत रबरी रिंग, हा वरचा सील. त्याखाली सिंकचा पत्रा किंवा ओट्याचा ग्रॅनाइट, त्यात साधारण ३५ मिलिमीटरचं भोक. भोकातून नळाचे दोन कनेक्शन पाइप खाली येतात आणि त्यांच्या शेजारून एक आटेवाला दांडा येतो, त्याला आम्ही स्टड म्हणतो. सिंकच्या खालच्या अंगाला घोड्याच्या नालेच्या आकाराचं रबरी वॉशर, त्याखाली त्याच आकाराची लोखंडी किंवा पितळी पट्टी आणि शेवटी स्टडवर नट. नट आवळला की पट्टी वर दाबली जाते, नळ खाली ओढला जातो आणि मधे सिंक पकडीत सापडतं.

या सगळ्या पकडीत लवचीक गोष्टी दोनच: वरची रिंग आणि खालचं नालेच्या आकाराचं रबर. दोन्ही कायम दाबाखाली असतात. ताजं रबर दाबलं की उलट ढकलतं आणि ते ढकलणंच नटाला ताणात ठेवतं. वर्षानुवर्षं दाबून राहिलेलं, गरम-गार झालेलं, साबणाच्या पाण्यात भिजलेलं रबर बसून जातं. ते दाबातून सोडवलं तरी मूळ जाडीवर येत नाही.

आता हिशोब बघा. बहुतेक मिक्सरचा स्टड ८ मिलिमीटरचा असतो. त्याच्या नेहमीच्या आट्यांवर नट एक पूर्ण फेरा फिरला की फक्त सव्वा मिलिमीटर सरकतो. म्हणजे खालचं रबर अर्धा मिलिमीटर जरी बसलं तरी नट जवळजवळ अर्धा फेरा उलटा फिरल्याएवढा सैलपणा येतो, आणि नट मात्र आपल्या जागेवरून तसूभरही हललेला नसतो. प्लंबर तो अर्धा फेरा भरून काढतो. पण रबर आधीच संपत आलेलं असतं. त्यात उरलीसुरली लवचीकता नसल्यामुळे पुढच्या वेळी केसाएवढी झीजही पुन्हा सैलपणा आणते. म्हणून दोन दुरुस्त्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. तुमच्याकडे असं झालं असेल तर तीच मोठी खूण आहे.

दुसरी बाजू वरच्या रिंगेची. नळ डुलला की रिंग घासली जाते आणि तिच्याखालून पाणी जायला वाट मिळते. ते पाणी स्टडवरून उतरतं, लोखंडी पट्टीला गंज आणतं, खालचं रबर कुजवतं. रबर कुजलं की पकड आणखी सैल आणि नळ आणखी डुलतो. एकाने दुसऱ्याला बिघडवायचं हे चक्र नट आवळून तुटत नाही. दोन्ही रबरं एकदम बदलावी लागतात.

नट खरंच फिरतो का रबरच बसतंय, याची खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी नट आवळल्यावर मार्करने नटावरून पट्टीवर जाणारी एक सरळ रेघ मारून ठेवा. नळ पुन्हा सैल झाला की बॅटरी घेऊन बघा. रेघ जुळलेली असेल आणि तरी नळ हलत असेल तर रबर बसलंय. रेघ मोडली असेल तर नट उलटा फिरतोय. मग नव्या रबराबरोबर नटाखाली स्प्रिंग वॉशर किंवा त्याच्यामागे दुसरा नट लागेल. मात्र एक लक्षात ठेवा: काही वेळा नटाऐवजी स्टडच नळाच्या बुडातून सुटत येतो. तेव्हा स्टड आणि नट मिळून एकदम फिरतात. रेघ तेव्हाही मोडलेली दिसते, पण स्टडचं खालचं टोक आधीपेक्षा लांब लोंबतं.

धायरीतलं एक काम

पुण्यातल्या धायरीत एका फ्लॅटमधून सोसायटीच्या सेक्रेटरींनी बोलावलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर बसवलेलं स्टीलचं सिंक, त्याच्याच मागच्या कडेवरच्या भोकात मिक्सर. काकूंनी दारातच सांगितलं, "दादा, आवळून देऊ नका आता. आवळून घेऊन घेऊन दमले मी. काय ते एकदाचं बघा."

बुडाभोवती पांढऱ्या सिमेंटचा गोल फासलेला होता आणि त्याला तीन-चार ठिकाणी तडे. कोणीतरी गळती थांबवायला तो लावला होता. पुण्यात ही सवय फार आहे आणि ती मोडायला हवी. पांढरं सिमेंट कडक असतं. नळ जरासा हलला की त्याला तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी आत जातं. बाहेर यायला मात्र त्याला वाट उरत नाही. खाली ट्रॉलीची प्लायची मागची बाजू फुगून तिचे थर सुटले होते. हे सगळं एका रबराच्या रिंगेमुळे.

प्लास्टिकची पट्टी बुडाखाली घालून मी सिमेंट काढलं. नळाला लोखंडी खरवडणी लावू नये. क्रोमवर एकदा रेघ पडली की तिथून पापुद्रा सुटायला लागतो.

सिंकखाली बॅटरी मारली तेव्हा सगळं समोर आलं. खालचं रबर बाहेर ढकलून अर्धं पट्टीच्या बाजूने लोंबत होतं. बोटाने दाबलं तर दाबलं जात नव्हतं, कडा तुटत होत्या. लोखंडी पट्टी मधोमध वाकून तिचा कोपरा थेट सिंकच्या पत्र्यावर टेकला होता. म्हणजे पकड पूर्ण नालेच्या आकारावर नव्हती, एकाच कोपऱ्यावर होती. त्यामुळे काकूंचा नळ फक्त एका दिशेला डुलायचा, उजवीकडे झुकून. सिंकचा पत्राही त्या कोपऱ्याखाली किंचित आत दबला होता. इतक्या वेळा आवळण्याचा तो परिणाम.

काम कसं केलं

आधी गीझर बंद केला, बटण बंद आणि प्लगही काढून. गरम पाण्याची लाइन उघडायची असेल तेव्हा हे सगळ्यात आधी. मग सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक बंद केले आणि मिक्सर मध्यावर उघडून आतलं पाणी सोडून दिलं. थेंब थांबले म्हणजे कॉक नीट बंद झाले आहेत. काही घरांत अँगल कॉक क्षाराने जाम झालेले असतात आणि अर्धेच बंद होतात. तिथे जोर लावू नका, दांडा तुटला तर घरभर पाणी होतं. त्या मजल्याचा किंवा गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या.

कनेक्शन पाइप अँगल कॉककडच्या टोकाने सोडले. त्यांचं वरचं टोक नळातच राहू दिलं, ते काढायची गरज नव्हती. पाइप सोडण्याआधी त्यांच्याखाली पातेलं ठेवा आणि गरम पाण्याच्या पाइपला एक चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे परत जोडताना डावं-उजवं चुकत नाही.

मग नट. हातात येणारा साधा पाना इथे चालत नाही. सिंक आणि भिंत यांच्यामधे पाना फिरवायला जागाच नसते. लांब नळीचा बॉक्स पाना लागतो. ८ मिलिमीटरच्या स्टडवरच्या साध्या नटाला १३ चा पाना बसतो. नळाबरोबर येणारे लांब पितळी नट मात्र वेगवेगळ्या मापांचे असतात, ११ किंवा १२ चेही. काकूंचा नट गंजला होता. अर्धा तास गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि मगच पाना लावला. घाई केली तर अशा वेळी नटाऐवजी स्टडच फिरतो किंवा तुटतो.

नळ वर उचलून कापडावर उलटा ठेवला. इथे एक छोटी परीक्षा आहे, ती प्रत्येकाने करावी. स्टीलची फूटपट्टी उलट्या बुडावर आडवी ठेवा. रिंग चांगली असेल तर पट्टी रबरावर टेकते आणि धातूपासून जरा वर राहते, थोडी डुगडुगते. काकूंच्या नळावर पट्टी सरळ धातूवर बसली. रिंग खाचेच्या आत गाडली गेली होती, वरून चपटी आणि चकचकीत, आणि एका जागी नखाएवढी चीर. त्या रिंगेने पाणी अडणं शक्यच नव्हतं.

खाचेत पांढरा खार दगडासारखा जमला होता. उन्हाळ्यात त्या भागात टँकरचं पाणी येतं, आणि बोअरवेलचं असेल तर खार फार लवकर धरतो. हा खार काढल्याशिवाय नवी रिंग बसवली तर ती खाचेत पूर्ण बसत नाही आणि एका बाजूने उचललेली राहते. आधी लाकडी काडीने जेवढा निघाला तेवढा काढला, मग व्हिनेगरमधे भिजवलेलं फडकं फक्त खाचेवर दहा मिनिटं ठेवलं आणि पाण्याने धुतलं. व्हिनेगर क्रोमवर जास्त वेळ राहू देऊ नका, आणि ओटा संगमरवराचा असेल तर त्याच्यावर एक थेंबही पडू देऊ नका. त्याने दगडाची चकाकी जाते.

सिंकची वरची बाजू, भोकाची कड आणि खालची बाजू हे तिन्ही भाग पुसून कोरडे केले. भोकाच्या कडेला हात लावून बघा. पत्र्याची कड वर उचललेली असेल तर गोल कानसेने हलकेच बसवा, नाहीतर नवी रिंग तिथेच कापली जाते.

रिंग आणि खालचं रबर कुठून, कोणत्या मापाचं

जुनी रिंग घेऊन दुकानात गेलं की दुकानदार तिच्या मापाची रिंग देतो आणि ती कमी पडते, कारण जुनी रिंग चपटी झालेली असते. माप खाचेचं घ्यायचं. काकूंच्या नळाची खाच सुमारे अडीच मिलिमीटर खोल होती आणि तिथे ३ मिलिमीटर जाडीची रिंग बसवली. म्हणजे रिंग खाचेच्या वर अर्धा मिलिमीटर राहिली आणि आवळल्यावर तेवढी दाबली गेली. हा अर्धा मिलिमीटर महत्त्वाचा. रिंग फार जाड घेतली तर बूड सिंकवर टेकतच नाही, नळ रबरावर तरंगत राहतो आणि नव्या रिंगेसकट डुलतो. पाणी अडवायचं काम रिंगेचं, आधार द्यायचं काम बुडाच्या धातूच्या कडेचं. दोन्ही टेकले पाहिजेत.

काही नळांत गोल रिंगेऐवजी चपटं गास्केट असतं. तिथे नळ गास्केटवरच बसतो, म्हणून त्याचं माप मूळ जाडीचंच घ्यावं लागतं.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत रबर आणि नळाच्या सुट्या सामानाची दुकानं आहेत. नळ सोबत नेला तर तिथेच रिंग खाचेत बसवून बघता येते. नळ न्यायचा नसेल तर खाचेची बाहेरची आणि आतली रुंदी आणि खोली व्हर्निअरने मोजून कागदावर लिहून न्या. स्टड, नट, दोन्ही नालेच्या आकाराची वॉशर्स असा संच एकत्रही मिळतो, आणि पट्टी वाकलेली किंवा गंजलेली असेल तर तो संचच घ्यावा. पट्टी जितकी जाड तितकी चांगली. कागदासारखी पातळ पट्टी पहिल्याच आवळण्यात वाकते. खालचं रबर मिळालंच नाही तर ३ मिलिमीटरच्या रबरी शीटमधून पट्टीच्या आकाराचा तुकडा कापून चालतो. वरच्या रिंगेला मात्र असा पर्याय नाही, कापून जोडलेली रिंग जोडावरच गळते.

रिंगेला नुसता सिलिकॉन ग्रीसचा हात लावा. व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा गाडीचं ग्रीस लावू नका. नळांत वापरतात त्या काही रबरांना तेल चालत नाही. ती फुगतात आणि मऊ पडतात.

परत बसवताना

आधी स्टड नळाच्या बुडात पूर्ण आत गेलाय का बघा. बहुतेक स्टडच्या खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच असते. तिने तो शेवटपर्यंत फिरवून घ्या. अर्धवट धरलेल्या स्टडवर सगळा ताण दोन-तीन आट्यांवर येतो आणि पुढे ते आटे जातात.

मग नळ वरून भोकात सोडा, तोटी आणि लिव्हर सरळ करा. खालून क्रम असा: सिंकला चिकटून रबर, त्याखाली पट्टी, शेवटी नट. रबर आणि पट्टी यांची अदलाबदल झाली तर नट रबरात रुतत जातो आणि कितीही फिरवला तरी घट्ट लागत नाही. बऱ्याच घरांत हीच चूक सापडते. नालेची उघडी बाजू पाइपांच्या बाजूला हवी, म्हणजे पाइप मोकळे राहतात आणि बंद बाजू सिंकवर पूर्ण टेकते.

काकूंच्या सिंकला आणखी एक गोष्ट हवी होती. स्टीलच्या सिंकची कड पातळ पत्र्याची असते. तिथे नळ कितीही घट्ट बसवला तरी पत्रा स्वतःच लवतो आणि नळ हलल्यासारखा वाटतो. यासाठी पत्र्याखाली आणि रबराच्या वर एक रुंद, जाड प्लास्टिकची त्रिकोणी प्लेट घालतात. पुष्कळ नळांच्या खोक्यात ती येते. बसवणाऱ्यांनी ती खोक्यातच टाकून दिलेली असते. काकूंकडेही कधी लागली नव्हती. ती मी बाजारातून आणून घातली आणि दबलेल्या पत्र्यावरचा जोर मोठ्या जागेवर पसरला. प्लेट न मिळाल्यास प्लायचा तुकडा लावू नका. सिंकखाली प्लाय ओला होतो, फुगतो आणि नंतर आकसतो, आणि आपण जो सैलपणा घालवायला बसलो तोच परत येतो.

आवळताना वरून एकाने नळ सरळ धरून ठेवावा, नाहीतर नट फिरताना नळही फिरतो. नट आधी हाताने जितका जाईल तितका वर न्या. मग पान्याने पाव-पाव फेरा, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर वरच्या माणसाला नळ हलवून बघायला सांगा. हलणं थांबल्यावर अजून थोडं आवळा आणि थांबा. पान्यावर अंगाचा भार टाकायचा नाही. पत्रा दबतो, पट्टी वाकते, आणि चिनी मातीच्या वॉश बेसिनवर असाल तर बेसिनलाच तडा जातो.

पाइप जोडले, अँगल कॉक हळूहळू उघडले आणि बुडाभोवती पाणी ओतण्याची तीच परीक्षा पुन्हा केली. या वेळी सिंकखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. कागदावर थेंब पडला की डाग लगेच दिसतो, ओल्या लाद्यांवर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नुसतं नट तपासायला पुन्हा गेलो, आणि ही भेट टाळू नये. नवं रबर पहिल्या दिवशी थोडं बसतंच. नट सुमारे पाव फेरा आणखी गेला. त्यानंतर मार्करची रेघ मारली आणि काकूंना ती दाखवून ठेवली. काही महिन्यांनी त्यांनी फोन करून सांगितलं की रेघ तशीच आहे आणि नळही तसाच आहे.

सिलिकॉन लावायचं का?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. रिंगेच्या ऐवजी सिलिकॉन लावायचं नाही. त्याने सैल नळ घट्ट होत नाही, फक्त सैलपणा दिसेनासा होतो, आणि नळ पुढच्या वेळी काढताना त्रास देतो. ग्रॅनाइट खडबडीत असेल किंवा भोकाची कड तुटली असेल आणि चांगल्या रिंगेनंतरही पाणी जातच असेल, तर बुडाभोवती अगदी बारीक थर चालतो. तोही मागच्या बाजूला एक छोटी जागा उघडी ठेवून. पुढे कधी गळती झालीच तर पाणी तिथून बाहेर येतं आणि तुम्हाला कळतं. आत अडकून प्लाय कुजवत नाही.

कुठे हे सगळं उपयोगी पडत नाही

एक: ओट्याच्या ग्रॅनाइटचं भोक फार मोठं किंवा वेडंवाकडं कापलेलं असेल तर पट्टीची एक बाजू भोकात सरकते आणि पकड एकाच बाजूला येते. नवं रबर तिथे टिकणार नाही. नळाखाली घालायची मोठी बेस प्लेट मिळते, ती घालून भोक झाकावं लागतं. खालूनही रुंद पट्टी लागते.

दोन: नळाला एकच स्टड असतो आणि बूड जड, तोटी उंच असेल तर एका स्टडवर तो स्टडच्या विरुद्ध बाजूला डुलतोच. बूड उलटं करून बघा. बऱ्याच नळांत दुसऱ्या स्टडसाठी आटेवालं भोक तयार असतं आणि ते रिकामं सोडलेलं असतं. त्याच मापाचा दुसरा स्टड आणि दुसरी पट्टी घातली की फरक लगेच जाणवतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती नळ विकत घेतानाच बघता येते. दुकानात नळ हातात आला की तो उलटा करा आणि बुडात आट्यांची भोकं किती आहेत ते मोजा.

तीन: बुडातल्या भोकाचे आटेच गेले असतील. स्टड फिरवला की फिरतच राहतो, कुठेच धरत नाही. पितळी बूड असेल तर चांगला टर्नर त्यात मोठ्या मापाचे आटे पाडून देऊ शकतो. हलक्या नळांचं बूड पांढऱ्या ठिसूळ धातूचं असतं. त्यात नवे आटे टिकत नाहीत, आणि अशा नळावर सील आणि पट्ट्यांचा खर्च करू नये.